एक छायाचित्र आणि तीन ओळी

वार्षिकाच्या चित्रविभागाचे काम आम्हा तिघांकडे आले, तेव्हा ते सर्वांत हलके काम आहे असा आमचा समज होता. लेख तपासायचे म्हणजे शुद्धलेखनाची कटकट आली, कविता निवडायच्या म्हणजे कवींचे रुसवेफुगवे आले. छायाचित्रांचे काय? ती पानावर बसवावीत, प्रत्येकाखाली एक ओळ लिहावी आणि मोकळे व्हावे! एका ओळीला असा कितीसा वेळ लागणार? वाचकहो, त्यांतील एका ओळीने आमचे अकरा दिवस घेतले. त्या अकरा दिवसांची ही हकीकत आहे.

प्रथम छायाचित्राविषयी सांगतो. 2024 सालच्या ऑगस्टच्या अखेरीस आपल्या वडोदरा शहरात विश्वामित्रीचा पूर आला, तो कोणाच्या स्मरणात नाही? गोकुळाष्टमीचा, म्हणजे 26 ऑगस्टचा दिवस पावसातच गेला. त्यानंतर नदीने 25 फुटांची धोक्याची खूण केव्हाच मागे टाकली आणि पाणी 35 फुटांच्याही पलीकडे चढले. अनेक वस्त्यांतून घराघरांत पाणी शिरले. आपल्या शाळेच्या तळमजल्यावरही ते शिरले आणि कार्यालयाच्या कपाटांचे खालचे कप्पे पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर नववीतील एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर शाळेची स्थिती पाहण्यास आली होती. तिने वडिलांच्या मोबाईलवर हे छायाचित्र टिपले. व्हरांड्याच्या खांबापासून कडुलिंबापर्यंत एक दोरी बांधली आहे. तिच्यावर कपडे वाळत घालावेत तशी कागदाची मोठमोठी पाने चिमट्यांनी टांगली आहेत. आपले शिपाईकाका टाचा उंचावून एका पानाला चिमटा लावीत आहेत, आणि त्यांच्याजवळ एक लहान मुलगा पत्र्याचा डबा हाती धरून खो खो हसत आहे.

चित्र पाहताक्षणीच आम्ही ओळ लिहून टाकली : ‘पुरानंतर आमचे काका कागद वाळत घालताना.’ ती घेऊन आम्ही चित्रकलेच्या सरांकडे गेलो. सरांनी ओळ वाचली, चित्र पाहिले, आणि विचारले, “हे कागद कसले?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. कागद म्हणजे कागद!

“काकांचे नाव काय?”

काका! पाचवीपासून आम्ही त्यांना काकाच म्हणत आलो. त्यांचे आडनावही तिघांपैकी एकासही सांगता येईना.

“आणि हा मुलगा हसतो आहे तो का?”

तेही ठाऊक नव्हते. सरांनी कागद परत दिला. ते म्हणाले, “काका आहेत, कागद आहेत, ते वाळत घातले आहेत, हे मला चित्रातच दिसते. मला दिसते तेच तुम्ही पुन्हा सांगता. चित्राला जे सांगता येत नाही ते सांगा. त्यासाठीच चित्राखाली ओळ असते.”

आमची पहिली ओळ अशी पहिल्याच दिवशी बाद झाली. आता माहिती काढणे आले.

सर्वांत आधी कागदांचा छडा लावला. ती शाळेची जनरल रजिस्टरे होती. शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस त्यात एक क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकापुढे त्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थान आणि शाळेत आल्याची व गेल्याची तारीख लिहिली जाते. शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून लिहून देतात. कोणी वृद्ध गृहस्थ जन्मतारखेच्या पुराव्यासाठी शाळेत येतात, तेव्हा हेच रजिस्टर उघडले जाते. पाण्याने फुगून काही रजिस्टरांची शिवण तुटली होती, म्हणून त्यांची सुटी पाने काकांनी दोरीवर घातली. ज्यांची बांधणी शाबूत होती ती व्हरांड्यातील बाकांवर उभी उघडून ठेवली, आणि दर थोड्या वेळाने त्यांची पाने उलटली. दोरी कडुलिंबाच्या सावलीत बांधली होती, हेही मुद्दाम. प्रखर उन्हात भिजलेला कागद वाकडातिकडा होतो, कडक पडतो, आणि शाई विटते. सावलीतल्या वाऱ्यावर तो हळू वाळतो, पण नीट वाळतो. बॉलपेनने लिहिलेल्या नोंदी बहुतेक जशाच्या तशा राहिल्या होत्या. त्याहून जुन्या, टाकाने आणि फौंटनपेनने लिहिलेल्या नोंदींची शाई मात्र पुष्कळ ठिकाणी पसरली होती.

तारखेने आम्हांस चकविलेच होते. चित्र आमच्यापर्यंत दोन-तीन मोबाईलांतून फिरत आले होते, आणि त्याचे नाव IMG-20240902-WA0004.jpg असे दिसत होते. त्यावरून आम्ही बेधडक 2 सप्टेंबर ही तारीख लिहिली. पण 2 सप्टेंबर हा सोमवार होता. त्या दिवशी शाळा भरली होती, आणि प्रार्थनेसाठी अंगण मोकळे करताना ती दोरी सोडली होती, हे आमच्यातील एकास आठवले. मग चित्रात दोरी कोठून आली? मूळ मोबाईलमध्ये पाहिले तेव्हा उलगडा झाला. चित्र शनिवारी, 31 ऑगस्टला काढले होते. चित्र एकाकडून दुसऱ्याकडे पाठविले की नावातील तारीख पाठविण्याची असते, काढण्याची नसते. तेव्हापासून प्रत्येक चित्राची तारीख काढणाऱ्यास विचारूनच लिहायची, असा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला.

नावाचे काम सोपे वाटले होते. कार्यालयातील पगारपत्रकावर काकांचे नाव होते, पण ते इंग्रजी अक्षरांत. इंग्रजी अक्षरांतील एकच आडनाव ‘काळे’ही वाचता येते आणि ‘काले’ही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच लागत नाही. अखेर एक कोरा कागद घेऊन आम्ही काकांकडेच गेलो आणि म्हणालो, “काका, आपले पूर्ण नाव आपल्या हातानेच लिहून द्या.” काकांनी चष्मा पुसला आणि सावकाश, एकेक अक्षर वळवीत नाव लिहिले. ते वाचून आम्हांस खरोखरच लाज वाटली. पाच वर्षे ज्यांच्या घंटेवर आमचे दिवस उगवले आणि मावळले, त्यांचे नाव आम्ही त्या क्षणी प्रथम वाचीत होतो. ते नाव छायाचित्राखाली छापले आहे. त्याची जागा तीच आहे, म्हणून या लेखात त्या ठिकाणी आम्ही नुसती रेघ काढतो. वाचकांनी ते पान उलटून अवश्य वाचावे.

हे ऐकून सरांनी आम्हांस दूरदेशीच्या एका छायाचित्राची गोष्ट सांगितली. अमेरिकेत मंदीच्या काळात, 1936 साली, कॅलिफोर्नियातील निपोमो या गावी वाटाण्याची शेंग तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. गारठ्याने पीक गेले होते आणि मजुरांना काम नव्हते. सरकारी खात्यासाठी छायाचित्रे काढणाऱ्या डोरोथिया लँग यांनी तेथे एका आईचे, मुलांसह बसलेल्या स्त्रीचे चित्र काढले. ते चित्र जगभर गाजले. चित्राबरोबर तिचे वय आणि मुलांची संख्या गेली, पण नाव गेले नाही, कारण ते विचारलेच नव्हते. आपल्या मोटारीचे टायर विकून तिने अन्न आणले होते, अशी हृदयद्रावक हकीकतही चित्राला जोडली गेली. पुढे 42 वर्षांनी, 1978 साली, ती स्त्री कोण हे जगाला कळले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन हे तिचे नाव. त्या चित्राबद्दल तिच्या मनात कृतज्ञता नव्हती, नाराजी होती, आणि टायर विकल्याची गोष्ट खरी नाही असे तिच्या घरच्यांनी सांगितले. सर म्हणाले, “चित्र थोर होते. उणीव राहिली ती खालच्या ओळीत.”

त्यानंतर सरांनी आमच्याकडून एक चिठ्ठी करून घेतली. तिच्यात सहाच गोष्टी होत्या : चित्रात कोण आहे, काय करीत आहे, कोठे, केव्हा, चित्रात न दिसणारी पण खरी अशी कोणती गोष्ट त्यामागे आहे, आणि चित्र कोणी काढले. मुलाविषयीही आता कळले होते. तो सहावीतला आहे. त्याच्या डब्यात चिमटे होते, आणि पानांचा क्रम चुकू नये म्हणून तो प्रत्येक पानावरचा पहिला क्रमांक मोठ्याने वाचून दाखवीत होता. एका पानावर त्याला एक तीन पिढ्यांपूर्वीचे लांबलचक नाव सापडले आणि ते वाचताना त्याची जीभ अडखळली, म्हणून तो हसत होता.

“आता याच चिठ्ठीवरून तिघांनी तीन ओळी लिहा,” सर म्हणाले. “एकाने हृदयाला हात घालावा, एकाने हसवावे, एकाने जेवढ्यास तेवढे बोलावे. छापखान्याने चित्राखाली दोनच ओळींची जागा दिली आहे, म्हणजे पंचवीस-तीस शब्द. सूर कसाही लावा. चिठ्ठीतील गोष्ट मात्र बदलायची नाही.”

आमच्यातील जो भावुक आहे, त्याने त्याच रात्री लिहून आणले : ‘जिवाची पर्वा न करता पुराच्या पाण्यात उडी घेऊन आमच्या काकांनी शाळेचे प्राण वाचविले. पाहा, पाने वाळत आहेत, पण काकांचे डोळे मात्र अजून ओलेच आहेत!’ वाचून आम्हा दोघांचेही कंठ दाटून आले. फक्त एक अडचण होती. शेजारचा मुलगा हसत होता. म्हणून आम्ही ठरविले की चित्राची उजवी बाजू कापावी, म्हणजे मुलगा जाईल आणि काका राहतील.

सरांनी कात्री आमच्या हातातून काढून घेतली. “ज्या ओळीसाठी चित्र कापावे लागते, ती ओळ त्या चित्राची नव्हे,” ते म्हणाले. “आणि ही ओळ ज्यांच्याविषयी आहे, त्यांना वाचून दाखवा पाहू.”

आम्ही काकांस ओळ वाचून दाखविली. ते आधी हसले. “अरे, उडी कसली मारतो? मला तर पोहताच येत नाही. आणि डोळ्यांत पाणी नव्हे रे, पानांमधून नेमकी डोळ्यावर तिरीप येत होती.” मग मात्र ते गंभीर झाले. सोमवारी संध्याकाळी पावसाचा रंग पाहून त्यांनी हाती लागतील तेवढी रजिस्टरे वरच्या कप्प्यांत चढविली होती. उरलेली सकाळी चढवू म्हणून ते घरी गेले. त्यानंतर पाण्यामुळे त्यांना दोन दिवस घराबाहेर पडता आले नाही. राहिलेल्यांपैकी तीन रजिस्टरांचा अगदी लगदा झाला. काका म्हणाले, “बाळांनो, मी सगळे वाचविले असे लिहू नका. ज्यांची नावे त्या तिनांत होती ते लोक उद्या दाखल्यासाठी येतील, तेव्हा मी त्यांच्यापुढे कसा उभा राहू?”

आम्ही निरुत्तर झालो. आम्हांस वाटत होते की आपण काकांस मोठेपणा देत आहोत. प्रत्यक्षात आम्ही त्यांच्या गळ्यात एक असत्य बांधीत होतो आणि ते त्यांना दरवर्षी वाहावे लागणार होते. चित्रात माणसाचा चेहरा दिसतो, मन दिसत नाही. चेहऱ्यावरून मन वाचायला गेलो की आपण बहुधा आपलेच मन वाचतो.

मग भावनेची ओळ लिहायचीच नाही का? सरांचे म्हणणे असे की लिहावी, पण भावना विशेषणांतून येत नाही, वस्तूंतून येते. काकांशी बोलता बोलता आम्हांस तशी वस्तू सापडली. शाळेत कपड्यांचे चिमटे कोठून आले, असे आम्ही सहज विचारले. काका म्हणाले, “घरून आणले. आमच्याकडे सारे कपडे भिजलेलेच होते, पण काकू म्हणाल्या, आधी शाळेचे वाळू दे.” त्यांच्या घरातील चिखलाविषयीही ते थोडे बोलले, पण ते छापू नये असे त्यांनीच सांगितले, म्हणून चिखल आम्ही गाळला. चिमट्यांना त्यांची हरकत नव्हती. भावुक मित्राची ओळ आता अशी झाली :

‘पुरात भिजलेल्या जनरल रजिस्टरांची पाने वाळत घालताना श्री. ——, सोबत इयत्ता सहावीतील ——. चिमटे काकांच्या घरचे, नावे आमच्या आजी-आजोबांची. तीन रजिस्टरे वाचली नाहीत. शनिवार, 31 ऑगस्ट 2024.’

हिच्यात ‘डोळे’, ‘अश्रू’, ‘प्राण’ यांपैकी एकही शब्द नाही. तरीही आमच्यातील एकाने ती घरी वाचून दाखविली, तेव्हा त्याची आजी, जी स्वतः याच शाळेत शिकली, बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, “माझे पान राहिले का रे?”

दुसरा मित्र मिश्किल. त्याची पहिली ओळ अशी होती : ‘हजेरीपट वाळत, गैरहजर पळत!’ यमक जुळले म्हणून तो स्वतःवरच खूश होता. पण हिच्यात दोन दोष निघाले. पहिला वस्तुस्थितीचा. ती जनरल रजिस्टरे होती, हजेरीपट नव्हते. यमकासाठी त्याने वस्तूच बदलली होती. दुसरा दोष त्याहून मोठा. वर्गातील एका मुलीने ती ओळ ऐकली आणि ती म्हणाली, “त्या आठवड्यात मी सहा दिवस गैरहजर होते. आमच्या घरात कमरेइतके पाणी होते.” मित्राने तो कागद तेथल्या तेथे फाडला.

विनोद करायचा तर तो कोणावर करायचा, हा प्रश्न आम्हांस प्रथमच पडला. पुराने ज्यांचे नुकसान केले त्यांच्यावर नाही, काकांवर नाही, त्या लहान मुलावर तर नाहीच, कारण त्याचे हसू निर्मळ आहे आणि त्याला पुढे या शाळेत चार वर्षे काढायची आहेत. मग उरले कोण? आम्हीच! आणि आपल्यावर करायचा विनोद तर मराठीने तयारच ठेवला होता. गुरुजनांनी आम्हांस किती वेळा बजावले असेल की शाळेचे नाव बुडवू नका! मित्राने दोन दिवस डोके खाजवून लिहिले :

‘शाळेचे नाव आम्ही बुडवू ही गुरुजनांची जुनी भीती, यंदा आमची सर्वांची नावे विश्वामित्रीनेच बुडविली. ती जनरल रजिस्टरांतून वाळत घालताना श्री. —— व इयत्ता सहावीतील ——. शनिवार, 31 ऑगस्ट 2024.’

ही ओळ काकांस वाचून दाखविली, तेव्हा ते मनमोकळे हसले. पण मग मान हलवून म्हणाले, “सर्वांची नाही रे. वरच्या कप्प्यातली सुकीच होती.” झाले! ‘आमची सर्वांची नावे’ खोडून ‘आमची नावे’ असे करावे लागले. विनोदातही अतिशयोक्ती असते ती कळण्याजोगी असली पाहिजे. नदीने नाव बुडविले यातील शब्दखेळ कोणासही कळतो, त्याने कोणी फसत नाही. परंतु ‘सर्वांची’ हा शब्द वाचणारा तो खराच धरील, आणि आपला दाखला मिळणार नाही अशा धास्तीने शाळेत धाव घेईल.

तिसरा मित्र मितभाषी. त्याने ऐटीत एकच शब्द लिहून आणला : ‘वाळवण.’ प्रथम आम्हांस तो शब्द फारच आवडला. पापड-कुरडयांचे वाळवण आणि रजिस्टरांचे वाळवण, किती थोडक्यात केवढे सांगितले! आम्ही तो छापण्याचे जवळजवळ ठरविलेच होते. परंतु सरांनी एक कसोटी घेतली. त्यांनी चित्र आणि ती ओळ पुराच्या वेळी वडोदऱ्यात नसलेल्या एका पाहुण्यास दाखविली, आणि हे काय आहे असे विचारले. पाहुणे म्हणाले, “शाळेत कागदकामाची कार्यशाळा दिसते. छान आहे.”

एक शब्द लिहून मित्राने जागा वाचविली होती, पण वाचकाला उपाशी ठेवले होते. त्या शब्दाची गंमत आम्हांस कळली, कारण पूर आम्ही पाहिला होता. दहा वर्षांनी हे वार्षिक हाती घेणाऱ्या मुलाने तो पाहिलेला नसेल. थोडक्यात लिहिणे म्हणजे कमीत कमी शब्द लिहिणे नव्हे, तर ज्याच्यावाचून अर्थ अडेल असा प्रत्येक शब्द ठेवून बाकीचे काढणे होय, हे आम्हांस तेथे उमगले. मित्राने चिठ्ठी पुन्हा समोर घेतली आणि लिहिले :

‘पुरात भिजलेल्या जनरल रजिस्टरांची पाने वाळत घालताना श्री. —— (डावीकडे) व इयत्ता सहावीतील ——. शाळेचे अंगण, शनिवार, 31 ऑगस्ट 2024.’

आता तिन्ही ओळी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या. सरांनी खडूने प्रत्येक ओळीतील खऱ्या गोष्टींखाली रेघा ओढावयास सांगितले. तिन्हींत रेघा जवळजवळ त्याच शब्दांखाली आल्या. नावे तीच, रजिस्टरे तीच, दिवस तोच. मग सूर बदलला तो कोठे? नीट पाहता ध्यानात आले की भावुक ओळीत मर्माची जागा शेवटाकडे आहे. चिमटे आणि नावे कळल्यावर तीन रजिस्टरे गेल्याचे वाक्य येते आणि त्यानंतर तारखेखेरीज काही उरत नाही. मिश्किल ओळीत गंमत आरंभी आहे आणि माहिती तिच्या मागून निमूटपणे येते. मिताक्षरी ओळीत असा चढउतार नाही. ती चित्राकडे बोट दाखविते आणि बाजूस होते. एकाच घरातील तीच भांडी तीन सुगरणींनी तीन प्रकारे मांडावीत, तसे हे झाले. भांडे मात्र कोणीही बाहेरून उसने आणलेले नव्हते. पहिल्या खेपेस आम्ही नेमके तेच केले होते. भावुकाने उडी आणली, मिश्किलाने हजेरीपट आणला, आणि मितभाषी मित्राने तर घरातली भांडीच लपवून ठेवली.

येथे सहाव्या गोष्टीची आठवण झाली. तिन्ही ओळींत छायाचित्र काढणारीचे नाव राहून गेले होते! ती आमच्या शेजारच्याच वर्गातील असून तिने स्वतः काही म्हटले नव्हते. सर म्हणाले, “होमाई व्यारावाला हे नाव ऐकले आहे ना? भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्या आपल्याच शहरात राहिल्या आणि 2012 साली येथेच निवर्तल्या. त्यांची आरंभीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात. तुम्ही तर कोणाचेच नाव छापणार नव्हता!” आम्ही मुकाट्याने ‘छायाचित्र : ——, इयत्ता नववी’ एवढे शब्द जोडले. मोबाईल वडिलांचा होता हे खरे, पण क्षण तिने ओळखला होता.

आता तिन्हींतून एक निवडायची होती. आमचे मत भावुक ओळीकडे झुकत होते. पण ज्या पानावर हे चित्र जायचे त्याच पानावर क्रीडास्पर्धा, सहल आणि स्नेहसंमेलन यांची चित्रे आहेत. त्यांच्या साध्यासुध्या ओळींमध्ये ही एकच ओळ दाटलेल्या गळ्याने बोलू लागली, तर ती एकटी पडली असती. शिवाय तीन रजिस्टरे गेल्याची बातमी ज्यांना सांगायची, त्यांना ती एका चित्राखाली ओझरती कळावी हे बरे नव्हे, असे मुख्याध्यापकांचे म्हणणे पडले. ती त्यांनी माजी विद्यार्थ्यांना स्वतंत्र पत्राने कळविली, आणि त्या पत्रासोबत हेच चित्र भावुक ओळीसह पाठविले. वार्षिकात मिताक्षरी ओळ गेली. मिश्किल ओळ स्नेहसंमेलनाच्या चित्रप्रदर्शनात लागली. तेथे चित्राजवळ उभे राहून जो तो काय झाले ते सांगत असतो, म्हणून तेथे हसण्यास जागा होती.

मिताक्षरी ओळ छापखान्यात देण्यापूर्वी आम्ही ती शेवटची म्हणून काकांस दाखविली. त्यांनी ती दोनदा वाचली. उडी नव्हती, अश्रू नव्हते, विनोद नव्हता. होते ते त्यांचे नाव, त्यांनी लिहून दिले होते तसेच, प्रत्येक वेलांटी आपल्या जागी. काकांनी कागद परत दिला आणि विचारले, “हे वार्षिक घरी नेण्यास मला एक मिळेल ना?”

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाची घंटा झाली, तेव्हा आम्ही तिघे व्हरांड्यात होतो. सवयीने ‘काका’ म्हणून हाक मारली. ती हाक आम्ही सोडणार नाही. परंतु ती कोणाला मारतो, हे आता आम्हांस ठाऊक आहे.